0x00 पाठवला, 0x80 मिळाला

चिप बनवणाऱ्या कंपनीला शेवटी जो रिपोर्ट गेला त्याचं शीर्षक असं होतं: 'स्टॉप मोडमधून जागं होताना सप्लाय २.१ व्होल्टच्या खाली असेल तर लो-पॉवर युआर्टला आलेला पहिला बाइट एक बिट सरकून मिळतो.' पहिल्या मसुद्याचं शीर्षक होतं 'थंडीत कम्युनिकेशन बंद पडते'. या दोन शीर्षकांच्या मध्ये काय काय झालं ते लिहितो. कमी व्होल्टेजलाच डोकं वर काढणारा बग पकडणं एक, आणि तो दूरच्या देशात बसलेल्या, आपला बोर्ड कधीही न पाहिलेल्या माणसाच्या टेबलावर जसाच्या तसा घडवून दाखवणं दुसरं. मला दुसऱ्याने जास्त छळलं.

आमचं यंत्र साधं आहे. द्राक्षबागेत खांबावर एक लॉगर असतो, त्यात रेडिओ आणि दोन एए अल्कलाइन सेल. तिथून तीन मीटरची केबल जमिनीतल्या सेन्सर हेडकडे जाते. हेडमध्ये आमची ती चिप, आणि केबलवरून येणारे बाइट एकेक बिट करून वाचणारा तिच्यातला भाग म्हणजे युआर्ट. लॉगर दर पंधरा मिनिटांनी मॉडबससारखी छोटी विनंती पाठवतो, हेड जमिनीतला ओलावा आणि तापमान परत देतं आणि झोपतं. दोन ताजे सेल मिळून ३.२ व्होल्ट देतात, संपत आले की १.८. चिपच्या डेटाशीटवर लिहिलं आहे की ती १.८ ते ३.६ व्होल्टमध्ये चालते. म्हणजे मध्ये रेग्युलेटर टाकायची गरज नाही, सेल थेट जोडा. आम्ही तसंच केलं, आणि अशी हजारो यंत्रं जगात तशीच चालतात.

तक्रार निफाड तालुक्यातून आली. जानेवारीत पहाटे काही नोड हेडचं रीडिंग द्यायचे बंद होत आणि ऊन वर आलं की आपोआप सुरू होत. रेडिओ चालू, लॉगर चालू, फक्त हेड गप्प. सगळ्यांचे सेल दुसऱ्या वर्षातले होते आणि त्या वेळी लॉगरने नोंदवलेलं व्होल्टेज २.१ ते २.२ च्या आसपास. निफाडला थंडी किती पडते ते नाशिककरांना सांगायला नको. थंडीत अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज बसतं, त्यामुळे पहिला संशय सेलवर गेला. रेडिओने पल्स मारला, व्होल्टेज क्षणभर कोसळलं आणि हेड रीसेट झालं, अशी ती गोष्ट होती. ऐकायला बरी वाटते. पण हेडमधलं रीसेटचं कारण नोंदवणारं रजिस्टर स्वच्छ होतं, ब्राउन-आउट एकदाही नाही. शिवाय लॉगर हेडला विचारतो तेव्हा रेडिओ बंदच असतो. स्कोपवर सप्लायची रेष सरळ होती.

मग सेल काढून बेंच सप्लाय लावला आणि व्होल्टेज हळूहळू खाली आणलं. खोलीच्या तापमानाला २.१ च्या जरा खाली हेड गप्प झालं. वर नेलं, बोलायला लागलं. थंडीचा संबंध होता, पण मुख्य सूत्र व्होल्टेजच्या हातात होतं. केबल काढून दहा सेंटीमीटरची वायर लावली, तरी तेच. लॉगर आणि हेड एकाच सप्लायवर असल्याने एकाचा 'एक' दुसऱ्याला अपुरा पडतो आहे असंही नव्हतं.

इथे एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचं सगळं तिच्यामुळे सोपं झालं. हेडला झोपूच दिलं नाही, तर १.८ व्होल्टलाही संभाषण बिनचूक चालत होतं. म्हणजे युआर्ट ठीक, बिट पाठवण्याचा वेग, म्हणजे बॉड रेट, ठीक. बिघाड झोपेतून उठण्याच्या क्षणात होता. लॉगर तीन वेळा पुन्हा विचारत असे तरी उपयोग का होत नव्हता हेही कळलं. दर प्रयत्नामध्ये हेड पुन्हा झोपलेलं असे, आणि दर वेळी तोच क्षण पुन्हा येई.

तो क्षण थोडा उलगडून सांगतो. स्टॉप मोडमध्ये, म्हणजे झोपेत, चिपचा मुख्य ऑसिलेटर बंद असतो, नाहीतर सेल वर्षानुवर्षं पुरणार कसे. आरएक्स पिनवर रेषा खाली गेली, म्हणजे स्टार्ट बिट आला, की युआर्ट ऑसिलेटरला हाक मारतो. ऑसिलेटर काही मायक्रोसेकंदांत सुरू होतो आणि युआर्ट तिथून मोजायला लागतो: अर्धा बिट गेला की स्टार्ट बिट अजून शून्य आहे ना ते तपासायचं, मग प्रत्येक पूर्ण बिटनंतर एकेक बिट वाचायचा. आमचा वेग ५७६०० बॉड. एक बिट १७.४ मायक्रोसेकंदांचा, अर्धा ८.७ चा. डेटाशीटप्रमाणे ऑसिलेटर जास्तीत जास्त ६ मायक्रोसेकंदांत सुरू व्हायला हवा. ६ म्हणजे ८.७ पेक्षा कमी, म्हणून हा वेग नियमात बसतो. पण ऑसिलेटरला ८.७ पेक्षा जास्त वेळ लागला तर? युआर्ट सगळंच एक बिट उशिरा वाचेल. पंगतीत उशिरा आलेल्याच्या पानात पहिला पदार्थ पडत नाही, पुढचे मात्र त्याच क्रमाने पडतात, तसं.

हा अंदाज तपासण्यासाठी मी हेडला पूर्ण विनंती पाठवणं सोडलं आणि एकेक सुटा बाइट पाठवायला लागलो. प्रत्येक बाइटच्या आधी चिप झोपलेली आहे याची खात्री करायची, बाइट पाठवायचा, मिळालेला बाइट मेमरीत ठेवायचा, आणि व्होल्टेज पुन्हा वर नेल्यावर तो वाचायचा.

```
VDD=3.00  TX=00  RX=00
VDD=2.20  TX=00  RX=00
VDD=2.05  TX=00  RX=80
VDD=2.05  TX=AA  RX=D5
VDD=2.05  TX=FF  RX=--
VDD=2.05  TX=55  RX=--
```

रिपोर्टमधला सगळा पुरावा या सहा ओळींत आहे. VDD म्हणजे सप्लाय, TX म्हणजे पाठवलेला बाइट, RX म्हणजे मिळालेला, आणि `--` म्हणजे काहीच मिळालं नाही. युआर्ट सगळ्यात खालचा बिट आधी पाठवतो. `00` मध्ये स्टार्ट बिट शून्य आणि पुढचे आठही शून्य. एक बिट उशिरा वाचलं तर पहिला डेटा बिट हाच स्टार्ट बिट समजला जातो, उरलेले सात शून्य डेटा म्हणून येतात आणि आठव्या जागी स्टॉप बिट येऊन बसतो, जो नेहमी एक असतो. म्हणून `80`. `AA` चंही तसंच, एक जागा सरकवा आणि वर एक लावा, `D5` मिळतो. यात बॉड रेट चुकण्याचा प्रश्न निकालात निघतो, कारण तशी चूक बाइटभर साचत जाऊन शेवटचे बिट बिघडवते आणि झोपेचा विचार न करता प्रत्येक बाइटला गाठते. इथे सगळे बिट सारखेच सरकले होते, आणि फक्त पहिल्या बाइटचे.

`FF` ची ओळ अधिक घातक. `FF` मध्ये फक्त स्टार्ट बिट शून्य असतो. युआर्ट उशिरा पोचला तर त्याला तिथे एक दिसतो, तो म्हणतो हा नुसता आवाज होता, आणि बाइट टाकून देतो. ना एरर फ्लॅग, ना इंटरप्ट. चिपच्या दृष्टीने काही घडलंच नाही. आमच्या हेडचा पत्ता 01 आहे, त्याचाही पहिला बिट एकच, त्यामुळे आमच्या विनंतीचा खरा स्टार्ट बिट असाच नाकारला जात होता आणि पत्ता हेडला कधीच नीट मिळत नव्हता.

`55` ची ओळ पाहून मी बराच वेळ थांबलो. तिथे `D5` मिळायला हवा होता असं मला वाटत होतं. पहिला स्टार्ट बिट नाकारला तरी `55` मध्ये पुढे आणखी शून्यं आहेत, त्यांतल्या पहिल्यालाच युआर्टने स्टार्ट समजायला हवं होतं, आणि एव्हाना ऑसिलेटर सुरू असल्याने तिथून पुढे नीट वाचायला हवं होतं. पण बाइट पूर्ण गायब. याचा अर्थ एकच निघतो: स्टार्ट नाकारल्याबरोबर युआर्ट ऑसिलेटर सोडून देतो, तो बंद पडतो, आणि पुढच्या शून्यावर पुन्हा पहिल्यापासून उशीर. `55` मध्ये प्रत्येक शून्यानंतर एक येतो, म्हणून प्रत्येक प्रयत्न नाकारला जातो. ही माहिती तेव्हा जादा वाटली होती. पुढे तीच कामी आली.

आता उशीर किती? चिपच्या आतला ऑसिलेटर स्कोपला दिसत नाही. पण बॉड रेट आपल्या हातात आहे, आणि `00` चा `80` कुठल्या व्होल्टेजला होतो ते मोजता येतं. ज्या व्होल्टेजला होतो तिथे ऑसिलेटरचा वेळ जवळजवळ अर्ध्या बिटाइतका. ५७६०० ला तो उंबरठा २.०८ व्होल्टवर मिळाला, म्हणजे तिथे ८.७ मायक्रोसेकंद. ५०००० बॉडला अर्धा बिट १० मायक्रोसेकंदांचा, उंबरठा १.९९. ४०००० ला १२.५ मायक्रोसेकंद आणि १.८८ व्होल्ट. तीन बिंदू जोडले की खाली येताना चढत जाणारी वक्ररेषा दिसते, आणि तिच्यावरचा प्रत्येक बिंदू डेटाशीटच्या ६ मायक्रोसेकंदांच्या बाहेर आहे. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवून बोर्ड ५ अंशांच्या आसपास आणला, तर ५७६०० चा उंबरठा २.२१ वर चढला. निफाडच्या पहाटेचा हिशेब इथे जुळला.

डेटाशीटमध्ये त्या ६ मायक्रोसेकंदांच्या आकड्याला एक बारीक तळटीप होती: हा आकडा नमुन्यांच्या मोजमापावरून दिला आहे, उत्पादनात प्रत्येक चिपवर तपासला जात नाही. अशी तळटीप सगळ्याच कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये असते आणि सगळेच तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. त्यात बेकायदा काही नाही. पण तक्ता कुठल्या परिस्थितीला लागू आहे त्याच्या डोक्यावर पूर्ण व्होल्टेज आणि पूर्ण तापमान लिहिलेलं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

मग रिपोर्ट लिहिला. आमच्या हार्डवेअरच्या मॅडमनी तो वाचला आणि पहिलं पान उडवलं. "तुझी द्राक्षं, निफाड, शेतकऱ्यांचे फोन, यातलं काही त्याला नकोय. त्याला व्होल्टेज दे." मग म्हणाल्या, "आणि काय नाही झालेलं ते आधी लिही. नाहीतर तो पहिले तेच विचारेल."

त्यांच्या सांगण्यावरून झालेला आराखडा असा. पहिल्या परिच्छेदात काय व्हायला हवं, डेटाशीटच्या कुठल्या तक्त्यानुसार, आणि काय होतं. मग वरच्या सहा ओळी. मग चिपचा पूर्ण पार्ट नंबर, आयडी रजिस्टरमधून वाचलेली सिलिकॉनची आवृत्ती, चिपवर छापलेला तारखेचा कोड, आणि हे की दोन वेगळ्या लॉटमध्ये उंबरठे वेगळे आहेत. जुना लॉट जवळजवळ १.९ पर्यंत तग धरतो, म्हणून पहिल्या वर्षी आम्हाला काही जाणवलं नाही. मग काय वगळलं आणि कशावरून: ब्राउन-आउट, सप्लायमधली खळगी, लॉजिक लेव्हल, बॉड रेट, केबल. चिपच्या ज्ञात चुकांची जी यादी कंपनी छापते, त्या इराटामध्ये हे आधीच आहे का तेही पाहिलं, नव्हतं. शेवटी तीन प्रश्न: स्टॉप मोडमधून ऑसिलेटर सुरू व्हायला पूर्ण व्होल्टेज आणि तापमानात जास्तीत जास्त किती वेळ लागतो, हे सगळ्या लॉटना लागू आहे का, आणि यावर उपाय काय.

सोबत प्रोग्राम दिला, आमच्या प्रॉडक्टचा नाही. त्यांच्याच नमुना कोडवर बेतलेला, युआर्ट सुरू करणारा, झोपणारा आणि मिळालेला बाइट साठवणारा. एका स्क्रीनवर मावेल इतका. आपला हजारो ओळींचा फर्मवेअर पाठवला की समोरच्याला चूक त्यात शोधायचा अधिकार मिळतो, आणि तो ती शोधतो.

पहिलं उत्तर वितरकाच्या तांत्रिक माणसाकडून आलं. डीकपलिंग कपॅसिटर चिपजवळ आहेत का, लायब्ररी नवीन आवृत्तीची आहे का, सर्किटचा आराखडा पाठवा. हे उत्तर बहुतेक रिपोर्ट न वाचताही देता येतं. पण राग धरून उपयोग नसतो. त्याच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य तक्रारी खरोखर कपॅसिटरच्याच असणार. आराखडा पाठवला, कपॅसिटरचा फोटो पाठवला, लायब्ररी बदलून तीच सहा ओळींची नोंद पुन्हा पाठवली. मग प्रकरण कंपनीच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरकडे गेलं.

त्याचं उत्तर नम्र होतं आणि मला झोप न लागू देणारं होतं. आमच्या इव्हॅल्युएशन बोर्डवर तुमचा प्रोग्राम चालवला, बेंच सप्लायने १.८ व्होल्टपर्यंत खाली आलो, एकही बाइट चुकला नाही.

आमच्याकडेही तोच इव्हॅल्युएशन बोर्ड होता. मीही त्यावर करून पाहिलं, आणि चुकला नाही! हाच प्रोग्राम, त्याच लॉटची चिप, आमच्या बोर्डवर बिघडते आणि त्यांच्या बोर्डवर बिघडत नाही. अशा वेळी प्रामाणिकपणे वाटायला लागतं की चूक आपल्याच बोर्डात आहे.

मॅडमनी मल्टिमीटरचं टोक चिपच्या व्हीडीडी पिनवर टेकवलं. सप्लायच्या पडद्यावर १.८० होतं. पिनवर २.७ च्या जवळ.

या बोर्डांवर मुख्य चिपशेजारी डीबगरची दुसरी चिप असते आणि ती यूएसबीतून ३.३ व्होल्टवर चालते. युआर्टची ओळ तिच्याकडूनच येते. युआर्टची रेषा रिकामी असताना उंच असते, म्हणजे मुख्य चिपच्या आरएक्स पिनवर सतत ३.३ व्होल्ट. त्या पिनच्या आत सप्लायच्या दिशेने एक संरक्षक डायोड आहे. पिन सप्लायपेक्षा वर गेली की डायोड वाहायला लागतो आणि चिपला मागच्या दाराने वीज मिळते. झोपलेल्या चिपला लागते ती मायक्रोअँपिअरमध्ये, तेवढी त्या पिनमधून आरामात पुरते. आणि बेंच सप्लाय वीज देतो, पण बहुतेक सप्लाय ती शोषून घेत नाहीत, त्यामुळे त्याने व्होल्टेज खाली ओढायचा प्रश्नच नाही. पडद्यावर १.८ दाखवत तो स्वस्थ बसला होता. थोडक्यात, त्या बोर्डवर कमी व्होल्टेजची चाचणी कधी झालीच नव्हती. त्यांच्याकडेही नाही, आमच्याकडेही नाही.

दुसरी गंमत त्याच बोर्डवर सापडली. डीबगर जोडून प्रोग्राम भरला आणि तसाच चालवला, तर स्टॉप मोडमध्येही ऑसिलेटर बंद होत नाही. डीबगरचा संपर्क तुटू नये म्हणून चिपमध्ये तशी सोय आहे आणि प्रोग्राम भरणारं सॉफ्टवेअर ती मुकाट्याने चालू करून जातं. ती पूर्ण वीज घालवेपर्यंत टिकते. म्हणजे मागच्या दाराचा प्रश्न सुटला असता तरी बग दिसला नसता, कारण चिप झोपतच नव्हती.

दुसऱ्या पत्रात मी फक्त चाचणी कशी मांडायची तेवढंच लिहिलं. करंट मोजायचा जंपर काढा आणि बाहेरचा सप्लाय तिथे द्या. डीबगरकडून येणाऱ्या युआर्टच्या वायरी सोडवा आणि बाइट पाठवायला असा दुसरा बोर्ड घ्या, जो त्याच सप्लायवर आहे. प्रोग्राम भरल्यावर डीबगर काढा, वीज पूर्ण घालवा, मगच सुरू करा. व्होल्टेज सप्लायच्या पडद्यावर वाचू नका, चिपच्या पिनवर मोजा. झोपेतला करंट मोजा. तो काही मायक्रोअँपिअर नसेल तर चिप झोपलेली नाही, पुढे जाऊ नका. ही शेवटची अट मॅडमची. ती घातली नसती तर आणखी एक फेरी झाली असती अशी माझी खात्री आहे. पत्रासोबत त्यांच्याच बोर्डचा फोटो, कुठल्या वायरी काढल्या ते लाल खुणांनी दाखवलेला.

या वेळी उत्तर लवकर आलं आणि लहान होतं: आम्हाला दिसलं. त्यांच्या बोर्डवर उंबरठा २.११ होता. तीन शतांश व्होल्टचा फरक दोन चिपमध्ये असायचाच.

त्यानंतर बरेच आठवडे शांतता. प्रकरण डिझाइनवाल्यांकडे आहे, इतकंच कळत होतं. मग खुलासा आला. ऑसिलेटरला लागणारा बायस करंट ज्या भागातून येतो, तो स्टॉप मोडमध्ये वीज वाचवण्यासाठी बंद केलेला असतो. ऑसिलेटर उठण्याआधी तो उठावा लागतो. सप्लाय कमी असला की त्याच्या ट्रान्झिस्टरना पुरेशी जागा उरत नाही आणि तो रेंगाळतो, थंडीत अधिक. डेटाशीटचे ६ मायक्रोसेकंद मोजले होते ते चिप जागी असताना ऑसिलेटर बंद करून पुन्हा चालू करून. तेव्हा बायसचा भाग आधीच उठलेला असतो. आकडा खोटा नव्हता. पण युआर्टच्या प्रकरणात झोपेतून जागं होण्याचा कमाल बॉड रेट काढायचं जे सूत्र दिलं होतं, त्यात हाच आकडा वापरायला सांगितलं होतं.

त्यांनी तीन उपाय सुचवले. पहिला, झोपेतही ऑसिलेटर चालू ठेवा. त्याला सुमारे १०० मायक्रोअँपिअर लागतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ ९०० मिलिअँपिअर-तास, नुसतं झोपण्यासाठी. एए सेलवर हे परवडत नाही. दुसरा, बॉड रेट कमी करा. ९६०० ला अर्धा बिट ५२ मायक्रोसेकंदांचा असतो, तिथे हा उशीर कुठल्या कुठे जिरून जातो. हा खरा उपाय, पण बागेत पुरलेल्या हेडचा फर्मवेअर दुरून बदलता येत नव्हता. रेडिओवरून फक्त लॉगरचा बदलता येत होता. तिसरा, खऱ्या विनंतीआधी कुठलाही एक फालतू बाइट पाठवून चिपला उठवा.

इथे `55` ची ओळ कामाला आली. 'कुठलाही' चालणार नाही. फालतू बाइट म्हटलं की लोक सवयीने `FF` पाठवतात, कित्येक यंत्रांत तशी प्रथाच आहे, आणि काही जण `55`. या चिपवर २ व्होल्टला दोन्ही गायब होतात, स्टार्ट नाकारला जातो, ऑसिलेटर बंद पडतो, आणि खरी विनंती पुन्हा झोपलेल्या चिपवर जाऊन आदळते. `00` मात्र चालतो. नऊ बिट सलग शून्य असल्याने युआर्ट एक काय, चार-पाच बिट उशिरा आला तरी त्याला स्टार्ट म्हणून शून्यच दिसतो. बाइट `00` मिळो की `80` की `C0`, काहीतरी मिळतं, इंटरप्ट येतो, आणि चिप उठते. आम्ही लॉगरमध्ये एवढंच केलं: एक `00`, मग दोन मिलिसेकंद थांबणं, मग विनंती. थांबायचं कारण असं की हेड १.७५ मिलिसेकंद शांतता झाली की नवी विनंती सुरू झाली असं समजतं आणि आधीचा एकटा बाइट अपुरा म्हणून फेकून देतं. त्यानंतर ते वीस मिलिसेकंद जागं राहतं, तेवढ्यात विनंती पोचते.

बर्फाच्या डब्यात १.८ व्होल्टवर रात्रभर चालवलं. `00` नंतरची एकही विनंती वाया गेली नाही. ती नोंद आणि `FF` व `55` चं स्पष्टीकरण कंपनीला पाठवलं.

इराटाच्या पुढच्या आवृत्तीत नोंद आली. पहिल्या छपाईत 'बाइट चुकीचा मिळू शकतो' इतकंच होतं. मी पुन्हा लिहिलं की चुकीचा मिळणं आणि कुठलाही फ्लॅग न लागता न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विनंतीसोबत येणारा तपासणीचा आकडा, म्हणजे सीआरसी, पकडतो, दुसरी पकडायला सीआरसीपर्यंत काही पोचतच नाही. त्यावर एक वाक्य वाढलं. उपायाच्या रकान्यात 'कुठलाही बाइट' जाऊन `0x00` आला, आणि डेटाशीटच्या त्या ६ मायक्रोसेकंदांखाली एक नवी तळटीप लागली, की स्टॉप मोडसाठी इराटा पाहावा. स्टॉप मोडचा कमाल आकडा मात्र त्यांनी छापला नाही. पत्रात तोंडी दिल्यासारखा दिला आणि वर लिहिलं की यावर हमी नाही. माझ्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर अजून तसं अर्धवटच आहे.

सिलिकॉनमध्ये दुरुस्ती करणार का, या रकान्यात 'नियोजित नाही' असं आहे. पुढच्या हेडमध्ये चिप तीच ठेवली आहे, वेग ९६०० केला आहे आणि युआर्टला ऑसिलेटरऐवजी ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर टाकलं आहे. तो झोपेतही चालूच असतो, आणि त्याला उठवायचं कामच पडत नाही.